परिणामाला आठवडे, विषबाधेला काही तास: अँटीडिप्रेसंट्सच्या व्हायवाची तयारी

फार्माकॉलॉजीच्या व्हायवात अँटीडिप्रेसंट्सचा विषय निघाला की प्रश्नांची वाट बहुतेक वेळा ठरलेली असते. आधी वर्गीकरण विचारतात, मग एखाद्या गटाची कार्यपद्धती. त्यानंतर ‘गोळी आज सुरू केली तर रुग्णाला बरं केव्हा वाटेल?’ हा प्रश्न येतो, आणि तिथून गाडी सिरोटोनिन सिंड्रोमवर जाते. हे चारही तुकडे सुटे सुटे पाठ करणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांची पंचाईत होते ती तुकड्यांच्या सांध्यावर, म्हणजे परीक्षक असं विचारतात तेव्हा: ‘एसएसआरआय दिल्यावर पंप काही तासांत बंद पडतो, तरी मनःस्थिती सुधारायला आठवडे लागतात. मग सिरोटोनिन वाढल्यामुळेच होणारी विषबाधा त्याच दिवशी कशी दिसते?’

या एका प्रश्नाचं उत्तर नीट देता आलं तर बाकीचे तीन त्यातच येऊन जातात. म्हणून तयारीही त्याच दिशेने करू.

पहिली पायरी: कागदावर एक न्यूरॉन काढा

वर्गीकरणाचा तक्ता पाठ करण्याआधी सिरोटोनिनचा एक न्यूरॉन काढायला शिका. डावीकडे पेशीचा मुख्य भाग, मधे लांब अॅक्सॉन, उजवीकडे त्याचं टोक आणि समोर दुसरी पेशी. मुख्य भागाखाली ‘राफे केंद्रक’ असं लिहा. मेंदूतले सिरोटोनिनचे न्यूरॉन ब्रेनस्टेममधल्या या केंद्रकांतून निघतात आणि त्यांच्या शाखा मेंदूभर जातात.

आता टोकाच्या आत क्रमाने लिहा. ट्रिप्टोफॅन आत येतं. ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज त्याचं ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन करतं आणि डीकार्बॉक्सिलेजमुळे त्यापासून सिरोटोनिन तयार होतं. ते व्हेसिकलमध्ये भरलं जातं आणि आवेग आला की सायनॅप्सच्या फटीत सुटतं. तिथलं त्याचं काम झालं की एक पंप त्याला परत आत ओढतो. या पंपाचं नाव सिरोटोनिन ट्रान्सपोर्टर, म्हणजे सर्ट. आत आलेलं सिरोटोनिन पुन्हा व्हेसिकलमध्ये जातं, नाहीतर मायटोकॉन्ड्रियावरचं मोनोअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे एमएओ, त्याचं विघटन करतं.

आणखी दोन खुणा करायच्या राहिल्या आहेत, आणि त्याच नेमक्या विसरल्या जातात. पेशीच्या मुख्य भागावर ५-एचटी-१ए हा ऑटोरिसेप्टर दाखवा आणि टोकावर ५-एचटी-१बी. न्यूरॉनने स्वतःचंच सिरोटोनिन किती सुटलं हे ओळखून काम कमी करावं, यासाठी हे दोन्ही असतात. पहिला रिसेप्टर न्यूरॉनच्या आवेगांची गती कमी करतो, दुसरा टोकाशी होणारा स्राव. समोरच्या पेशीवर ५-एचटी-२ए लिहून ठेवा. शेवटच्या टप्प्यात तो लागणार आहे.

नॉरअॅड्रिनॅलिनचं चित्र थोड्याफार फरकाने असंच निघतं. तिथल्या पंपाला नेट म्हणतात आणि ऑटोरिसेप्टर अल्फा-२ असतो.

दुसरी पायरी: प्रत्येक गट चित्रावर बसवा

आता वर्गीकरण वेगळं पाठ करावं लागत नाही. चित्रावर कुठे बोट ठेवलं की कोणता गट, एवढंच सांगायचं.

सर्टवर बोट ठेवलं की एसएसआरआय: फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटीन, सिटालोप्रॅम, एस्सिटालोप्रॅम, फ्लुव्होक्सामीन. सर्ट आणि नेट दोन्हींवर ठेवलं की एसएनआरआय: व्हेनलाफॅक्सीन, ड्युलोक्सेटीन. व्हेनलाफॅक्सीनबद्दल एक वाक्य जास्त सांगता आलं तर उत्तर उठून दिसतं. कमी डोसला ते मुख्यतः सर्टच अडवतं, नेटवरचा परिणाम डोस वाढल्यावर जाणवू लागतो.

ट्रायसायक्लिकही हेच दोन पंप अडवतात. फरक असा की ते तेवढ्यावर थांबत नाहीत. मस्कारिनिक रिसेप्टर अडल्यामुळे तोंड कोरडं पडतं आणि लघवी अडते, हिस्टामिनचा एच-१ अडल्यामुळे झोप येते आणि वजन वाढतं, अल्फा-१ अडल्यामुळे उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो. जास्त मात्रा घेतली तर हृदयातल्या सोडियम चॅनेलवर परिणाम होऊन ईसीजीमध्ये क्यूआरएस रुंदावतं, आणि तेव्हा सोडियम बायकार्बोनेट द्यायचं. एसएसआरआय त्यांच्यापेक्षा जास्त परिणामकारक म्हणून पुढे गेले, असं उत्तर देऊ नका. ते पुढे गेले ते सुरक्षिततेमुळे आणि सहन होण्यामुळे.

एमएओवर बोट ठेवलं की एमएओ इन्हिबिटर. फेनेल्झिन आणि ट्रॅनिलसायप्रोमिन एमएओच्या ए आणि बी या दोन्ही प्रकारांना कायमचं निकामी करतात, मोक्लोबेमाइड फक्त ए प्रकाराला आणि तेही तात्पुरतं. ‘कायमचं’ हा शब्द इथे मोलाचा आहे. औषध रक्तातून गेलं तरी एन्झाइम परत येत नाही, पेशीला ते नव्याने बनवावं लागतं आणि त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. एमएओ इन्हिबिटर बंद केल्यावर एसएसआरआय सुरू करण्याआधी १४ दिवस थांबायचं ते यासाठी.

उरलेल्यांपैकी मर्टाझापिन पंपाला हात लावत नाही. ते अल्फा-२ अडवून स्राव वाढवतं आणि वर ५-एचटी-२ व ५-एचटी-३ अडवतं. ब्युप्रोपिऑन नॉरअॅड्रिनॅलिन आणि डोपामिनकडचं औषध आहे, सिरोटोनिनच्या पंपाशी त्याचा संबंध नाही. ट्रॅझोडोनचं नाव निघालं तर प्रायापिझम आठवा आणि पुढे चला.

इतिहास विचारलाच तर दोन गोष्टी पुरतात. इप्रोनियाझिड हे क्षयरोगाचं औषध. १९५२च्या सुमारास ते घेणाऱ्या रुग्णांची मनःस्थिती अनपेक्षितपणे सुधारलेली दिसली आणि त्यातून एमएओ इन्हिबिटरचा मार्ग खुला झाला. इमिप्रॅमिन स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून स्किझोफ्रेनियासाठी तपासत होते. त्यात ते उपयोगी पडलं नाही, पण नैराश्यात काम करतं हे त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलं. दोन्ही शोध रुग्णांकडे बघून लागले. सिद्धांत मागाहून आला. ही औषधं मोनोअमाइन वाढवतात आणि मोनोअमाइनचे साठे रिकामे करणाऱ्या रेझरपिनने काहींना नैराश्य येतं, या निरीक्षणांवरून मोनोअमाइन हायपोथेसिस उभी राहिली.

तिची मर्यादाही इथेच सांगून टाका, कारण पुढचा प्रश्न तिच्यातूनच निघतो. निरोगी माणसाच्या आहारातलं ट्रिप्टोफॅन काढून त्याचं सिरोटोनिन कमी केलं म्हणून त्याला नैराश्याचा आजार होत नाही. आणि मोनोअमाइन कमी असणं हेच संपूर्ण कारण असतं, तर पंप बंद झाल्या दिवशीच रुग्ण बरा व्हायला हवा होता.

तिसरी पायरी: उशिराचं कारण टप्प्याटप्प्याने सांगा

‘परिणाम उशिरा का?’ असं विचारल्यावर बरेच जण पटकन म्हणतात, ‘सर, औषधाची पातळी स्थिर व्हायला वेळ लागतो.’ हे उत्तर आकड्यांत टिकत नाही. एस्सिटालोप्रॅमचं अर्धायुष्य साधारण ३० तासांचं आहे. पाच अर्धायुष्यांत पातळी स्थिर होते असं धरलं तर हिशेब आठवड्याभरात संपतो. परिणाम मात्र त्यानंतरही आठवडे वाढत राहतो. फ्लुओक्सेटीनला पातळी स्थिर व्हायला महिनाभर लागतो हे खरं, पण म्हणून त्याचा परिणाम बाकीच्यांपेक्षा महिनाभर मागे पडतो असं दिसत नाही. फार्माकोकायनेटिक्सचा मुद्दा स्वतःहून काढून असा बाजूला ठेवलात, तर परीक्षकांचा पुढचा प्रश्न वाचतो.

आता चित्राकडे वळा. पहिल्या दिवशी एसएसआरआयने सर्ट अडवला. सर्ट फक्त टोकावर नसतो, पेशीच्या मुख्य भागाभोवतीही असतो. त्यामुळे राफेमध्ये, म्हणजे मुख्य भागाजवळ, सिरोटोनिन लगेच वाढतं. ते तिथल्या ५-एचटी-१ए ऑटोरिसेप्टरला जाऊन लागतं आणि हा रिसेप्टर ब्रेकसारखा काम करतो: न्यूरॉनच्या आवेगांची गती घटते. परिणामी टोकाशी एकीकडे पंप बंद असल्यामुळे सिरोटोनिन साचायला बघतं, तर दुसरीकडे आवेगच कमी आल्यामुळे ते सुटतं कमी. दोन गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात आणि मेंदूच्या पुढच्या भागात सिरोटोनिनची निव्वळ वाढ तुटपुंजी राहते.

औषध रोज चालू राहिलं की ५-एचटी-१ए रिसेप्टरवर सतत सिरोटोनिन आदळत राहतं आणि दोन-तीन आठवड्यांत तो बधिर होतो. याला डीसेन्सिटायझेशन म्हणतात. ब्रेक सैल पडतो, आवेगांची गती पूर्ववत होते, पंप मात्र अजून बंदच असतो. आता टोकाशी सिरोटोनिन खरोखर वाढतं.

उत्तर इथे थांबवलं तरी चालतं, पण आणखी एक टप्पा सांगणं बरं. वाढलेल्या मोनोअमाइनमुळे समोरच्या पेशीत सीएएमपी, क्रेब अशा मार्गांनी जनुकांचं काम बदलतं, बीडीएनएफ हे मज्जापेशींचं पोषण करणारं प्रथिन वाढतं, आणि पेशींमधल्या जोडण्या हळूहळू नव्याने घडतात. बीटा रिसेप्टरची संख्या कमी होणं हे जुनं निरीक्षणही याच खात्यात जातं. ही कामं स्वभावतःच दिवसांची आणि आठवड्यांची आहेत. त्यांपैकी नेमकं कोणतं आवश्यक आणि कोणतं नुसतं सोबत घडणारं, याचा निकाल लागलेला नाही, तेव्हा ‘अमुक हेच कारण’ असं ठासून सांगू नका. पिंडोलॉलचं उदाहरण घ्या. ते ५-एचटी-१ए अडवतं, म्हणून ब्रेक आधीच सैल करून परिणाम लवकर आणता येईल का, हे पाहिलं गेलं. काही अभ्यासांत सुरुवात लवकर झाली, काहींत नाही. केटामिन आणि नाकातून द्यायचं एसकेटामिन काही तासांत परिणाम दाखवतात, कारण त्यांची सुरुवात ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरपासून होते, राफेतल्या ब्रेकपासून नाही.

‘मग रुग्णाला काय सांगाल?’ हा यावरचा नेहमीचा उपप्रश्न. मळमळ, अस्वस्थता, झोपेची गडबड हे त्रास पहिल्या आठवड्यातच येतात, कारण त्यांना कशाचीही वाट पाहावी लागत नाही. आतड्यातला आणि मेंदूतला ५-एचटी-३ उद्दीपित झाला की मळमळ होते. फायदा मागून येतो. तरीही ‘चार आठवडे काहीच होत नाही’ असं म्हणू नका. पहिल्या दोन आठवड्यांतच थोडी सुधारणा दिसू लागते, फक्त ती पुरेशी नसते. योग्य डोस चार ते सहा आठवडे दिल्याखेरीज औषध लागू पडलं नाही असं ठरवायचं नाही. २५ वर्षांखालच्या रुग्णांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत त्यांना लवकर लवकर भेटीला बोलवायचं.

चौथी पायरी: सांध्यावरचा प्रश्न

आता मूळ प्रश्न. विषबाधा लगेच का?

सिरोटोनिन सिंड्रोमला मज्जापेशींनी नव्याने जुळवून घेण्याची गरज नसते. समोरच्या पेशीवरचे रिसेप्टर, मुख्यतः ५-एचटी-२ए आणि काही प्रमाणात ५-एचटी-१ए, थेट आणि अति उद्दीपित झाले की लक्षणं सुरू होतात. एकटं एसएसआरआय नेहमीच्या डोसला क्वचितच तिथवर नेतं, कारण ब्रेक जागेवर असतो आणि एमएओही काम करत असतं. गोष्ट बिघडते ती दोन वाटा एकाच वेळी बंद झाल्या की. एमएओ बंद असेल तर आत सिरोटोनिनचे साठे फुगतात, सर्टही बंद असेल तर सुटलेलं परत जात नाही. म्हणजे विघटन नाही आणि उचलही नाही. मग राफेतल्या ब्रेकने आवेग कमी केले तरी पुरत नाही. त्यातही रुग्ण एसएसआरआय बरेच आठवडे घेत असेल तर तो ब्रेक आधीच सैल झालेला असतो. उत्तरात हे वाक्य आलं की दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडले जातात.

औषधांच्या जोड्या सांगताना फक्त मानसोपचारातली नावं घेऊ नका, परीक्षक लपलेल्या औषधांची वाट पाहत असतात. ट्रॅमाडॉल आणि पेथिडीन ही वेदनाशामकं सर्ट अडवतात, मॉर्फिन तसं करत नाही. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन सर्ट अडवतं. लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि मिथिलीन ब्लू हे दोन्ही एमएओ अडवतात. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन या १८ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. ती फेनेल्झिन घेत होती आणि रुग्णालयात तिला पेथिडीन दिलं गेलं होतं. त्या प्रकरणानंतर तिथे निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली. ही जोडी आजही विचारली जाते.

पाचवी पायरी: एक केस, शेवटपर्यंत

परीक्षक टेबलावर अशी केस ठेवू शकतात. ३४ वर्षांची स्त्री, वर्षभर फ्लुओक्सेटीन ४० मिलिग्रॅम रोज. पायाला एमआरएसएचा संसर्ग झाला म्हणून लिनेझोलिड ६०० मिलिग्रॅम दर १२ तासांनी सुरू केलं. फ्लुओक्सेटीन १२ दिवसांपूर्वीच थांबवलं आहे. लिनेझोलिडच्या तिसऱ्या डोसनंतर ती बेचैन झाली, घामाने भिजली, दोन-तीन पातळ जुलाब झाले. नाडी १२४, तापमान ३८.६ अंश सेल्सिअस, बाहुल्या विस्फारलेल्या. वॉर्डातला पहिला तर्क असा की संसर्ग वाढला.

पहिला प्रश्न: फ्लुओक्सेटीन तर बंद आहे, मग संशय कशाला? त्याचं उत्तर अर्धायुष्यात आहे. फ्लुओक्सेटीनचं यकृतात नॉरफ्लुओक्सेटीन होतं आणि तेही सर्ट अडवतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १ ते २ आठवडे. म्हणजे १२ दिवसांनी शरीरात अर्ध्याच्या आसपास शिल्लक असू शकतं. इतर बहुतेक एसएसआरआय आणि एमएओ इन्हिबिटर यांच्यात १४ दिवसांचं अंतर पुरतं, फ्लुओक्सेटीननंतर मात्र पाच आठवडे लागतात ते यामुळे.

दुसरा प्रश्न: निदान कसं कराल? इथे सिरोटोनिनची रक्ततपासणी सांगितलीत तर गुण गेले. निदान तपासणीच्या खोलीत नाही, रुग्णाच्या खाटेपाशी होतं. तीन गोष्टी बघायच्या: मानसिक स्थितीतला बदल, स्वायत्त मज्जासंस्थेचा अतिरेक, आणि स्नायूंची लक्षणं. पहिल्या दोन तर साध्या संसर्गातही दिसतात. निदान ठरवतात ते स्नायू, आणि त्यातही क्लोनस.

क्लोनस करून दाखवायला सांगतील, तेव्हा हात चालायला हवेत. रुग्णाला उताणं झोपवा. एका हाताने गुडघा थोडा वाकवून खालून आधार द्या आणि पाय सैल सोडायला सांगा. दुसऱ्या हाताने पावलाचा पुढचा भाग धरून ते झटक्यात वरच्या बाजूला वळवा आणि तसंच धरून ठेवा. पाऊल तुमच्या हातात लयीत खाली-वर उडू लागलं तर तो क्लोनस. हळू वळवलं किंवा वळवून लगेच सोडलं तर तो निसटतो. दोन्ही पायांना बघा. मग गुडघ्याचा रिफ्लेक्स घ्या आणि कोपराच्या रिफ्लेक्सशी ताडून पाहा: सिरोटोनिन सिंड्रोममध्ये लक्षणं पायांत हातांपेक्षा ठळक असतात. शेवटी डोळे बघा. बुबुळं आडवी, संथ, सलग हलत असतील तर तो ऑक्युलर क्लोनस.

या रुग्णाचं पाऊल वळवल्यावर लयीत उडत राहिलं आणि गुडघ्याचे रिफ्लेक्स उसळून आले. आता हंटर निकष लावा. हे २००३ सालचे आहेत. सिरोटोनिन वाढवणारं औषध घेतलेल्या रुग्णात पुढीलपैकी एक पुरतं: आपोआप येणारा क्लोनस, किंवा करून दाखवलेला क्लोनस अथवा ऑक्युलर क्लोनस, सोबत बेचैनी किंवा घाम, किंवा कंप आणि वाढलेले रिफ्लेक्स एकत्र, किंवा ताठरपणा आणि ३८ अंशांवर ताप, सोबत करून दाखवलेला अथवा ऑक्युलर क्लोनस. आपल्या रुग्णात करून दाखवलेला क्लोनस आहे, बेचैनी आहे आणि घामही आहे. दुसऱ्या निकषावर निदान बसलं. लक्षणं औषध सुरू झाल्यापासून किंवा डोस वाढल्यापासून बहुतेकदा २४ तासांच्या आत येतात, अनेकांत तर सहा तासांतच. इथे ती दुसऱ्या दिवशी आली, तेही वेळेत बसतं.

एक सापळा ध्यानात असू द्या. फार गंभीर रुग्णाचे स्नायू इतके ताठ होतात की क्लोनस आणि रिफ्लेक्स दोन्ही दबून जातात. तेव्हा ‘क्लोनस नाही, म्हणजे सिंड्रोम नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमपासून वेगळं कसं ओळखाल?

हा प्रश्न जवळजवळ हमखास येतो. ताप, ताठरपणा, गोंधळलेलं मन हे दोन्हीकडे आहे. वेगळेपणा तीन ठिकाणी शोधा. पहिलं औषध: एनएमएसमागे हॅलोपेरिडॉलसारखं डोपामिन अडवणारं औषध असतं. दुसरा वेळ: एनएमएस काही दिवसांत हळूहळू चढतं आणि उतरायलाही दिवस लागतात, सिरोटोनिन सिंड्रोम तासांत येतो आणि औषधं थांबवली की बहुतेकदा २४ तासांत ओसरतो. तिसरे स्नायू: एनएमएसमध्ये शिशाच्या नळीसारखा सरसकट ताठरपणा आणि मंद हालचाल, रिफ्लेक्स मंद किंवा साधारण, इकडे क्लोनस, कंप आणि उसळते रिफ्लेक्स.

अँटीकोलिनर्जिक विषबाधेतही ताप आणि मोठ्या बाहुल्या असतात, पण त्वचा कोरडी असते आणि पोटात आवाज ऐकू येत नाही. स्टेथोस्कोप पोटावर ठेवलात की सिरोटोनिन सिंड्रोममध्ये आतडी गडगडताना ऐकू येतात आणि काखेत हात घातला तर घाम लागतो. शिवाय एमएओ इन्हिबिटर घेताना चीज खाल्ल्यावर येणाऱ्या प्रतिक्रियेशी सिरोटोनिन सिंड्रोमची गल्लत करू नका. चीजमधल्या टायरामिनची ती प्रतिक्रिया नॉरअॅड्रिनॅलिनची असते: रक्तदाब अचानक चढतो, डोकं फुटल्यासारखं दुखतं. तिथे क्लोनस शोधत बसायचं नसतं.

सहावी पायरी: उपचार, क्रमाने

पहिलं वाक्य सायप्रोहेप्टाडिनचं नको. पहिलं वाक्य: सिरोटोनिन वाढवणारी सगळी औषधं थांबवा. आपल्या केसमध्ये लिनेझोलिड थांबवायचं आणि संसर्गासाठी वेगळं प्रतिजैविक निवडायचं, उदाहरणार्थ व्हँकोमायसिन. वेदनांसाठी कोणी ट्रॅमाडॉल लिहून ठेवलंय का, मळमळीसाठी काय दिलंय, हे केसपेपरवर तपासा.

मग आधार: ऑक्सिजन, शिरेतून द्रव, हृदयाचं मॉनिटर, आणि लोराझेपॅम किंवा डायझेपॅम. बेन्झोडायझेपिन बेचैनी कमी करतंच, शिवाय स्नायूंचं काम आणि नाडी-रक्तदाब खाली आणतं. रुग्ण हातपाय झाडतो म्हणून बांधून ठेवू नये. बंधनाशी झगडताना स्नायू आणखी आकसतात, ताप आणि लॅक्टेट वाढतात.

पॅरासिटामॉल देणार का, असं विचारतील. या तापात त्याचा उपयोग नाही. हा ताप स्नायूंच्या कामातून आलेला असतो, हायपोथॅलॅमसने पारा वर नेलेला नसतो. तापमान ४१ अंशांच्या वर गेलं तर थांबायला वेळ नाही: रुग्णाला झोपवून, व्हेक्युरोनियमसारखं स्नायू शिथिल करणारं औषध देऊन, श्वासनळीत नळी घालायची आणि बाहेरून थंड करायचं. इथे सक्सिनिलकोलिन टाळायचं, कारण स्नायू विघटित होत असतील तर पोटॅशियम आधीच चढलेलं असतं.

एवढं झाल्यावर, आराम पडत नसेल तर, सायप्रोहेप्टाडिन. ते ५-एचटी-२ए अडवतं. सुरुवातीला १२ मिलिग्रॅम, नंतर लक्षणं चालू असतील तर दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम, आणि स्थिरावल्यावर दर सहा तासांनी ८ मिलिग्रॅम. ते फक्त तोंडावाटे मिळतं, त्यामुळे गिळता येत नसेल तर गोळी कुटून नाकातल्या नळीतून द्यावी लागते. ब्रोमोक्रिप्टिन आणि डँट्रोलिन ही नावं एनएमएसच्या उत्तरातून इथे घसरत येतात. त्यांना इथे जागा नाही. ब्रोमोक्रिप्टिनने तर सिरोटोनिनचा परिणाम वाढू शकतो. प्रोप्रॅनोलॉलही नको: त्याचा परिणाम लांबतो, रक्तदाब पडू शकतो, आणि रुग्ण सुधारतोय की नाही हे सांगणारी नाडी झाकली जाते.

आपल्या रुग्णाला लोराझेपॅम आणि द्रव दिल्यावर सहा तासांनी नाडी ९६ वर आली. दुसऱ्या सकाळी घाम थांबला होता, क्लोनसचे एक-दोन ठोके तेवढे उरले होते. तेव्हा परीक्षकांचा शेवटचा प्रश्न येतो: ‘नैराश्याचं औषध परत केव्हा?’ लिनेझोलिड एमएओला तात्पुरतं अडवतं, फेनेल्झिनसारखं कायमचं नाही. म्हणून १४ दिवस थांबावं लागत नाही. शेवटच्या डोसनंतर २४ तासांनी एसएसआरआय सुरू करण्याची मुभा आहे. इथे मात्र विषबाधा नुकतीच होऊन गेली आहे आणि नॉरफ्लुओक्सेटीन अजून शरीरात आहे. त्यामुळे घाई करायचं कारण नाही: क्लोनस पूर्ण जाऊ द्यायचा, मानसोपचार विभागाशी बोलायचं, आणि केसपेपरच्या पहिल्या पानावर दोन्ही औषधांची नावं तारखांसह लिहायची.